वजन बरोबर भरलं तरी माल कमी असू शकतो: भिवंडीच्या गोडाऊनमधल्या तारण हरभऱ्याचं स्टॉक ऑडिट कसं करायचं

मी बँकांसाठी स्टॉक ऑडिट करते, ऑफिस फोर्टला पण निम्मं आयुष्य ठाण्याच्या पुढे माणकोली, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात जातं. सीएच्या आर्टिकलशिपची नवीन मुलं सोबत येतात आणि त्यांना वाटतं की कट्टे मोजले, वजन केलं, वहीशी जुळलं, झालं ऑडिट. म्हणून एकच केस शेवटपर्यंत नीट सांगते, कारण त्या केसमध्ये कट्टेही जुळले होते, वजनही जुळलं होतं (उलट एक टन जास्तच होतं!) आणि तरी माल चोरीला गेलेला होता. आकडे गोल केलेत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

केस अशी. एप्रिलमध्ये देशी हरभरा आला, १२,००० कट्टे, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे ६०० टन. सहा थप्प्या, प्रत्येकीत २,००० कट्टे. माल व्यापाऱ्याचा, गोडाऊन भाड्याचं, देखरेखीला बँकेने नेमलेली कोलॅटरल मॅनेजमेंट कंपनी, कुलूप त्यांचं, पावती त्यांची आणि त्या पावतीवर बँकेचं कर्ज. आम्ही पोचलो ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, धो धो पाऊस.

आधी पावत्या, त्याही ऑफिसात बसून

गोडाऊनला जायच्या आधी बँकेकडून तीन गोष्टी घ्या: कर्जखात्याचा उतारा, तारण पावत्यांची यादी आणि बँकेने आजपर्यंत दिलेल्या डिलिव्हरी ऑर्डर. सोप्या भाषेत हिशोब एवढाच की आलेला माल वजा बँकेच्या परवानगीने सोडलेला माल म्हणजे आज असायला हवा तो माल. हा आकडा तुमचा तुम्ही काढा, गोडाऊनच्या रजिस्टरवरून घेऊ नका, नाहीतर तुम्ही त्यांच्याच वहीची त्यांच्याच वहीशी तुलना करत बसाल.

गोडाऊन डब्ल्यूडीआरएकडे, म्हणजे गोडाऊनांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेलं असेल आणि पावती इलेक्ट्रॉनिक असेल तर काम सोपं होतं. ती पावती एनईआरएल किंवा सीसीआरएल या दोनपैकी एका रिपॉझिटरीत असते, तारण तिथेच नोंदलं जातं आणि तारण असेपर्यंत तो माल सिस्टीममधून सुटत नाही. मात्र ते बँकेच्या लॉगिनमधून स्वतः समोर बसून बघा, व्यापाऱ्याने पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. आमच्या केसमध्ये कागदी पावत्या होत्या आणि कागदी पावतीचा खरा धोका म्हणजे एकाच मालावर दोन पावत्या, दोन बँका. त्यासाठी पावतीपुस्तकाचे छापील नंबर सलग आहेत का बघायचं, रद्द केलेल्या पावतीच्या सगळ्या प्रती पुस्तकात आहेत का बघायचं आणि त्या गाळ्यात अजून कुणाचा माल आहे का हे लेखी विचारायचं. २०१३ साली आपल्याच मुंबईत नॅशनल स्पॉट एक्सचेंज बंद पडलं तेव्हा सुमारे ५,६०० कोटींचं देणं थकलं आणि पावत्यांवर दाखवलेला बराचसा माल गोडाऊनमध्ये नव्हताच. कागद छान होते, गोडाऊन बघायला कोणी गेलं नव्हतं.

पावतीच्या खालचे कागद पण काढायला लावा, म्हणजे आवकेच्या काटापट्ट्या. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ. एकच गाडी लातूरहून येऊन रिकामी होऊन तीन तासांत परत लातूरहून भरून आली असं दिसलं तर समजून जा. आणि प्रत्येक गाडीला आवकेच्या वेळचा ओलावा किती लिहिलाय ते उतरवून घ्या, पुढे सगळं याच आकड्यावर उभं राहणार आहे. आमच्याकडे सरासरी ९.८ टक्के होता, उन्हाळ्यातला लातूरचा हरभरा, खडखडीत वाळलेला, त्यामुळे पटण्यासारखा.

गोडाऊनला पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

चहा नंतर. आधी शेवटची आवक पावती, शेवटचा गेटपास आणि डिलिव्हरी रजिस्टरची शेवटची ओळ यांचे फोटो काढा, त्या ओळीखाली सही करा, आणि मोजणी संपेपर्यंत गाडी आत-बाहेर होणार नाही हे मॅनेजरकडून लिहून घ्या. हे राहिलं तर नंतर फरक निघाल्यावर हमखास ऐकायला मिळतं की "मॅडम, ती गाडी सकाळीच गेली ना, एंट्री राहिली फक्त."

मग बाहेरून एक फेरी मारा. गाळ्याचा नंबर पावतीवर तोच आहे का, बँकेचा बोर्ड लावलाय का, कुलूप कुणाचं, मागचं शटर आतून वेल्डिंग केलेलं की नुसतं ओढलेलं, पत्र्याला गळती, भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ. भिवंडीत कामवारी नदी चढली की सखल भागात पाणी शिरतं, म्हणून भिंतीवरची रेघ आणि जोत्याची उंची टेपने मोजून ठेवा, विम्याच्या वेळी उपयोगी पडते.

मध्येच एक धोक्याचं सांगते. थप्पीवर ताडपत्री टाकून कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबलेल्या असतील तर ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचा गॅस चालू असतो, साधारण पाच ते सात दिवस. तो गॅस जीव घेतो, वासावर विसंबू नका, ताडपत्री उचलून बघायची हुशारी तर अजिबात नको. पण ऑडिटरला लांब ठेवायची हीच सगळ्यात सोयीची सबब पण आहे! अशा वेळी गॅस मारणाऱ्याचं जॉबकार्ड, गोळ्यांचा हिशोब आणि तारीख मागा, थप्पीच्या ताडपत्रीवर बाहेरून तुमचं सील लावा आणि गॅस उतरल्याच्या दिवशी परत या. तोपर्यंत रिपोर्टवर सही नाही, बँकेचा मॅनेजर कितीही फोन करू दे.

कट्टे मोजणं

आमच्या थप्प्या छान रचलेल्या होत्या, एका थरात १०० कट्टे, असे २० थर. पण लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हा हिशोब थप्पी भरीव असेल तरच खरा. मधे विहिरीसारखी पोकळी ठेवून वर एक थर झाकला की बाहेरून कळत नाही, म्हणून वर चढायचंच. मुकादम म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला चढता, पडाल, मी मोजून सांगतो की." त्याला म्हटलं दादा, शिडी धरा फक्त. वरच्या थरातले मधले कट्टे उचलायला लावून खाली दोन-तीन थर कट्टेच आहेत ना हे बघितलं आणि एका कोपऱ्यातून जिन्यासारखे कट्टे काढत पाच कट्टे आतपर्यंत गेलो. याला माथाडी लागतात, वेळ लागतो, त्याची मजुरी कोण देणार हे आधीच बँकेकडून ठरवून घ्या, नाहीतर "आज टोळी नाहीये" हे उत्तर तयार असतं.

मोजणी जुळली. १२,०००, एकही कट्टा कमी नाही.

वजन

सगळे कट्टे वजन करणं शक्य नाही. मी प्रत्येक थप्पीतून २५ कट्टे घेते, पण ते मी सांगेन तिथले, वरचे, मधले, खालचे, बाहेरचे आणि त्या जिन्यातून निघालेले आतले. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का बघा आणि २० किलोची दोन-तीन वजनं ठेवून काटा तपासा, काटा सपाट जमिनीवर आहे का तेही. दहा रिकामे कट्टे वजन करून बारदानाचं सरासरी वजन काढा, कागदावरचं घेऊ नका, तागाचं बारदान पावसाळ्यात स्वतःच पाणी पितं.

बारदान वजा करून पूर्ण गोडाऊनचं वजन आलं ६०१ टन. वहीत ६००. मॅनेजर खूश, आमचा आर्टिकल खूश, आणि खरं सांगायचं तर पाच वर्षांपूर्वीची मी असते तर मीही खूश होऊन वडापाव खायला बाहेर पडले असते.

इथे थांबायचं: ओलावा आणि घट

घट म्हटलं की सगळ्यांना वाटतं माल सुकतो म्हणून वजन कमी होतं, गोडाऊनवाले दर ऑडिटला अर्धा-एक टक्का घट मागतात आणि आपण देऊन टाकतो. पण सुकणार कधी? उन्हाळ्यात. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीच्या हवेत उन्हाळी वाळलेलं धान्य सुकत नाही, ते हवेतलं पाणी ओढून जड होतं. म्हणजे एप्रिलमध्ये आलेला लातूरचा हरभरा ऑगस्टमध्ये भिवंडीत जेवढ्याला तेवढा भरला तर ती चांगली बातमी नाहीये, पाणी वाढलं आणि वजन तेवढंच राहिलं याचा अर्थ दाणा कमी झालाय.

किती, ते साध्या गणिताने निघतं. दाण्यातला कोरडा भाग बदलत नाही, फक्त पाणी बदलतं, म्हणून:

अपेक्षित वजन = आवक वजन × (१०० − आवकेचा ओलावा) ÷ (१०० − आजचा ओलावा)

आता आजचा ओलावा नीट काढणं हेच खरं कौशल्य आहे. परखी म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, ती खुपसून बाहेरच्या कट्ट्यांतून नमुने घेतले तर मीटर दाखवत होता १३.३ टक्के. आतल्या कट्ट्यांत, म्हणजे जिन्यातून काढलेल्या, १०.८. थप्पीचा मधला भाग चार महिन्यांनी सुद्धा बाहेरच्या हवेपासून बराच लांब असतो. आमच्या मापाच्या थप्पीत बाजूचे आणि वरचे उघडे कट्टे धरले तर साधारण ३९ टक्के कट्टे बाहेरचे होतात, उरलेले ६१ टक्के आतले, त्या प्रमाणात सरासरी आली ११.८. फक्त बाहेरचे नमुने धरले असते तर अपेक्षित वजन ६२४ टन आलं असतं आणि आम्ही २३ टन चोरीचा खोटा आरोप करून मोकळे झालो असतो. म्हणून आतले कट्टे काढल्याशिवाय हे गणित मांडूच नका.

११.८ धरून: ६०० × ९०.२ ÷ ८८.२ = ६१३.६ टन. सापडलं ६०१. म्हणजे १२.६ टन कमी.

पण लगेच बोट दाखवायचं नाही. आवकेचा मीटर वेगळा, आपला वेगळा, आणि मीटर अर्ध्या टक्क्याने चुकला तर या मालात अपेक्षित वजन साडेतीन टनांनी हलतं. त्यामुळे तीन-चार टनांच्या फरकावर मी काही बोलत नाही, फक्त नोंद करते. १२.६ मात्र मीटरच्या चुकीत बसत नाही. तरी नमुने लॅबला पाठवून ओव्हनने ओलावा काढून घेतलाच, मीटरवर हरभऱ्याचंच सेटिंग आहे ना हेही तपासलं, गव्हाच्या सेटिंगवर हरभरा मोजणारे महाभाग मी बघितलेत.

मग थप्पीवार सरासरी काढली तेव्हा चित्र उघडं पडलं. अपेक्षित सरासरी होती कट्ट्याला ५१.१ किलो. चार थप्प्या बरोबर तेवढ्याच भरल्या. शटरजवळच्या दोन थप्प्या मात्र सरासरी ४८ किलोच्या. म्हणजे ४,००० कट्ट्यांतून प्रत्येकी साधारण तीन किलो काढलेले. त्या कट्ट्यांची शिलाई बघितली, बाकीच्यांना कारखान्याची मशीनची पांढरी दोरी आणि यातल्या बऱ्याच कट्ट्यांना हातशिलाई, वेगळ्या रंगाची सुतळी. सगळं एकत्र मोजलं की चार थप्प्यांनी प्यायलेलं पाणी दोन थप्प्यांची चोरी झाकत होतं, म्हणून एकूण बेरीज कधीच एकटी बघू नका, थप्पीवार बघा.

विचारल्यावर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, भुंग्याने खाल्लं असेल." भुंगा खातो हे खरं, पण तो खातो तेव्हा दाण्याला भोक दिसतं, कट्ट्याखाली पीठ पडतं, परखीच्या नमुन्यात पोकळ दाणे येतात. तेही तपासायचंच होतं.

प्रतवारी

थप्पीवार नमुने वेगळे ठेवा, सगळे एकत्र केले की वाईट थप्पी चांगल्या थप्पीत विरघळून जाते. एका थप्पीचा सगळा नमुना ताडपत्रीवर ओतायचा, नीट मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला काढायचे, असं करत किलोभरावर आणायचं. त्याचे तीन भाग: एक लॅबला, एक गोडाऊनकडे, एक बँकेकडे, तिन्हीवर सील आणि दोघांच्या सह्या. वाद झाला तर तिसरा भाग उघडतात. ओलाव्यासाठी नमुना जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, कापडी पिशवीत नेला तर लॅबमध्ये पोचेपर्यंत आकडा बदललेला असतो.

लॅबकडून हरभऱ्याला काडीकचरा-माती, भुंगा लागलेले दाणे, डागी दाणे, बारीक-सुरकुतलेले आणि तुकडे एवढं वेगवेगळं मागा आणि आवकेच्या क्वालिटी सर्टिफिकेटच्या शेजारी ठेवून बघा. आमच्या शटरजवळच्या थप्प्यांत भुंग्याचं प्रमाण बाकीच्यांइतकंच, अगदी कमी निघालं. तीन किलो भुंग्याने खाल्ले असते तर दाणे चाळणी झाले असते, त्यामुळे ती सबब तिथेच संपली. दुसरी गोष्ट, आवकेपेक्षा काडीकचरा अचानक वाढलेला असेल तर काढलेल्या मालाच्या जागी काहीतरी भरलंय का बघायचं. इथे तसं नव्हतं, चोरांनी तेवढी मेहनत घेतली नव्हती, पाऊस त्यांचं काम करणार हे त्यांना माहीत असावं असं मला अजून वाटतं.

डोळ्याने रंगही बघा. गेल्या वर्षीचा हरभरा काळपट, निस्तेज दिसतो, नवा उजळ. वर नवा आणि आत जुना असं मिश्रण वजनात आणि ओलाव्यात पकडलं जात नाही, डोळ्यालाच दिसतं.

किंमत आणि ड्रॉइंग पॉवर

बाजारभाव त्या दिवशीचा घ्या, त्याच प्रतीचा, आणि कुठल्या बाजाराचा ते लिहा. आपण ५८ रुपये किलो धरू. वजन मात्र आजचं ६०१ टन धरायचं नाही, त्यात पाणी आहे आणि घेणारा पाण्याचे पैसे देत नाही. आवकेच्या ओलाव्यावर आणलं तर माल भरतो ५८७.७ टन, त्याची किंमत सुमारे ३.४१ कोटी. ३० टक्के मार्जिन वजा जाता ड्रॉइंग पॉवर, म्हणजे या तारणावर बँक जास्तीत जास्त जेवढं कर्ज उचलू देते ती रक्कम, येते २.३९ कोटी, वहीप्रमाणे होती २.४४ कोटी. पाच लाखांचा फरक, बँकेला मोठा वाटत नाही, पण ज्या गोडाऊनमधून चार महिन्यांत १२ टन पिशव्यांतून निघाले तिथे उरलेल्या ५८७ टनांचं काय हा प्रश्न रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहायचा असतो.

विमा: पॉलिसी आहे का, हे विचारून भागत नाही

बँकेच्या फाईलला पॉलिसी लावलेली असते आणि चेकलिस्टवर बरोबरची खूण असते. आमच्या इथेही होती. आगीची पॉलिसी, पूर-वादळाच्या कव्हरसकट, आणि एक घरफोडीची. आता प्रश्न असा की सात लाखांचा हा हरभरा यातल्या कशात बसतो? आगीच्या पॉलिसीत चोरी बसत नाही. घरफोडीच्या पॉलिसीत कुलूप तोडलं, पत्रा कापला, काहीतरी जबरदस्तीची खूण लागते, इथे किल्ली लावून शटर उघडून शांतपणे काम झालेलं. अशा ठिकाणी लागते ती फिडेलिटी पॉलिसी, म्हणजे स्वतःच्या माणसांच्या अप्रामाणिकपणाची, आणि ती कोलॅटरल मॅनेजरने काढलेली असायला हवी. त्यातही कुठल्या कर्मचाऱ्याने केलं हे दाखवावं लागतं आणि ऑडिटमध्ये निघालेली नुसती तूट, कारण न कळलेली, ती बहुतेक पॉलिसीत वगळलेली असते. म्हणून हातशिलाईचे फोटो, थप्पीवार वजनाचा तक्ता, वॉचमनचं ड्युटी रजिस्टर हे सगळं त्याच दिवशी गोळा करा, महिन्याने शिलाई शिल्लक राहत नाही.

पॉलिसी हातात घेतली की मी अजून दोन गोष्टी बघते. पहिली पत्ता. भिवंडीत एका कॉम्प्लेक्समध्ये शंभर गाळे असतात, माल ए-४ मधून बी-७ मध्ये हलवतात आणि पॉलिसी ए-४ चीच राहते. पावतीवरचा गाळा, दारावरचा गाळा आणि पॉलिसीतला गाळा अक्षरशः एकच हवा, आणि बँकेचं नाव बँक क्लॉजमध्ये हवं, नाहीतर क्लेमचा चेक थेट व्यापाऱ्याच्या नावाने निघतो.

दुसरी विम्याची रक्कम, आणि इथे लोक फार फसतात. आमची पॉलिसी २.९० कोटींची होती, एप्रिलच्या भावाने काढलेली. भाव वाढून वहीतल्या मालाची किंमत झाली होती ३.४८ कोटी. समजा पाणी शिरून खालचे थर भिजले आणि नुकसान झालं ६० लाखांचं. लोकांना वाटतं २.९० कोटींपर्यंत कव्हर आहे म्हणजे ६० लाख पूर्ण मिळणार. तसं नाही, ॲव्हरेज क्लॉज लागतो, विमा जेवढ्या प्रमाणात कमी काढला तेवढ्याच प्रमाणात क्लेम कापतात. ६० लाख गुणिले २.९० भागिले ३.४८, म्हणजे ५० लाख. दहा लाख व्यापाऱ्याच्या, आणि तो बुडाला तर बँकेच्या डोक्यावर. माल सतत कमी-जास्त होत असेल तर डिक्लेरेशन पॉलिसी बरी, पण मग दर महिन्याची डिक्लेरेशनं खरंच पाठवली आहेत का त्याच्या पोच बघा. ओलावा, कीड, हळूहळू खराब होणं यातलं काहीही कुठल्याच नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही, ते सांभाळायला गोडाऊनवालाच जबाबदार आणि ते त्याच्या करारात लिहिलेलं हवं.

रिपोर्ट

गोडाऊन सोडायच्या आधी थप्पीवार कट्टे, वजन, ओलावा यांच्या पानावर मॅनेजरची सही घ्या. तो म्हणेल "मला मान्य नाही", तर "मान्य नाही" असं लिहून सही करायला सांगा, तीही चालते. आमच्या केसमध्ये त्याने पाऊण तास घेतला, तीन फोन केले आणि शेवटी सही केली. त्याच संध्याकाळी बँकेला ईमेल गेला: डिलिव्हरी थांबवा, कुलूप बदला, दोन थप्प्यांचं शंभर टक्के वजन करा, कोलॅटरल मॅनेजरला करारानुसार तुटीची लेखी नोटीस द्या आणि त्यांच्या फिडेलिटी विमा कंपनीला लगेच कळवायला लावा, कारण उशिरा कळवलं या एका कारणावरही क्लेम अडतो. शंभर टक्के वजन पाच दिवस चाललं, त्या दोन थप्प्यांची तूट निघाली १२.१ टन. आमच्या १५० कट्ट्यांच्या अंदाजापेक्षा अर्ध्या टनाने कमी.